कातळावरचं अर्थिंग : माण तालुक्यातल्या २५० किलोवॉट सोलरच्या कामाच्या नोंदी

काम तात्यांच्या डाळिंबाच्या शीतगृहाचं. एक एकर माळ, जमिनीवर उभारलेलं स्ट्रक्चर, २५० किलोवॉट. पॅनल, इन्व्हर्टर, केबल यांत काही अडचण आली नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. अर्थिंगने मात्र महिनाभर रडवलं. माण-खटाव, आटपाडी, जत अशा मुरूम-कातळाच्या भागात कुणी हेच काम घेत असेल, तर निदान दर देण्याआधी एवढं वाचावं.

२२ एप्रिल २०२४

ड्रॉइंगप्रमाणे सहा अर्थपिट. डीसी बाजूला दोन, एसी बाजूला दोन, वीजरोधकाला दोन. प्रत्येकात तांब्याचा मुलामा दिलेला ३ मीटरचा, १७ मिलिमीटर जाडीचा रॉड आणि भोवती केमिकलची पूड. अट अशी, की प्रत्येक पिट ५ ओहमच्या आत हवा.

मी सहा पिटांचे ४८,००० रुपये सांगून बसलो होतो. हिशेब सरळ होता. मागचं काम फलटणकडच्या काळ्या रानात झालं होतं. तिथे रॉड टाकला, दोन पोती पूड ओतली आणि ३.१ ओहम आले. तेच इथे होईल असं धरलं. जमीन न मोजता दर दिला ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातल्या.

ट्रॅक्टरचा ऑगर सव्वा मीटरवर थांबला. खाली खणखण आवाज. तात्या बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, मी आधीच सांगणार हुतो. इथं चार फूट मुरूम, मग निस्ता काळा कातळ. माझी तीनशे फुटाची बोअर कोरडी गेलीय." विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढंच.

२४ एप्रिल

बोअरची गाडी बोलावली. साडेसहा इंची सहा भोकं, प्रत्येकी दहा फूट. गाडीवाला एवढ्याशा कामाला यायला तयार नव्हता. ठोक १५,००० ठरले, तेव्हा आला. तीन तासांत सहा भोकं झाली. भोकातून वर आला तो पांढरट-काळा भुगा, ओल नावाला नाही. रॉड सोडले, पूड कालवून ओतली, चेंबर बसवले. एका पिटात, चार नंबरच्या, मिस्त्रीच्या आग्रहाखातर जुन्या पद्धतीने जीआय पाइप आणि भोवती मीठ-कोळसा भरला. त्याचं म्हणणं, "साहेब, तीस वर्षं हेच करतोय." म्हटलं, एक तुमच्या पद्धतीने करू, बघू काय होतं.

२६ एप्रिल

पहिली मोजणी. अर्थ टेस्टरची ई वायर पिटाला, करंटचा सी खिळा २० मीटरवर, व्होल्टेजचा पी खिळा १० मीटरवर. आकडा स्थिर होईना. ४०, ९०, मध्येच काहीच नाही. अर्धा तास टेस्टरला शिव्या दिल्या. दोष टेस्टरचा नव्हता, खिळ्यांचा होता. एप्रिलमधल्या वाळलेल्या मुरमात ठोकलेल्या खिळ्याचाच रोध हजारो ओहम होतो, मग टेस्टर पुरेसा करंट ढकलू शकत नाही. प्रत्येक खिळ्याभोवती अर्धी कळशी पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबलो, आकडा स्थिर झाला. जिथे खिळा दोन बोटंसुद्धा आत जात नव्हता, तिथे कातळावर ओलं गोणपाट पसरून त्यावर लोखंडी पाटी ठेवली, वर दगड ठेवला आणि वायर पाटीला जोडली. तेही चाललं. खिळ्याजवळ पाणी ओतणं ही लबाडी नाही, कारण पी आणि सी यांचा रोध मोजणीत धरला जात नाही. लबाडी होते ती पिटात पाणी ओतून लगेच मोजल्यावर.

आणि ती मीही केली. आकडे असे आले : ६८, ७४, ५९, मीठ-कोळशाचा चौथा २९, मग ७१, ६६. हवे होते ५. मिस्त्री गालात हसत होता. तरी टेस्टर एकदा तपासला. १० ओहमचा रेझिस्टर जोडला, १०.१ दाखवले. म्हणजे जमीनच तशी.

मग एक नंबरच्या पिटात टँकरमधून पाचशे लिटर पाणी सोडलं. संध्याकाळी ६८ चे ४३ झाले. खूश होऊन घरी गेलो. तीन दिवसांनी तोच पिट ६१. तपासणीच्या आदल्या रात्री टँकर का येतात, ते कळलं.

२९ एप्रिल

पुरवठादाराला फोन केला. त्याचा सल्ला असा, की आणखी दोन-दोन पोती टाका, आमची महागडी पूड वापरा. वहीत गणित मांडल्यावर त्यातला फोलपणा दिसला. उभ्या रॉडचं सूत्र असं :

```
R = ρ / (2πL) × ln(4L/d)
```

ρ म्हणजे जमिनीचा विशिष्ट रोध (ओहम-मीटरमध्ये), L लांबी, d जाडी. पूड कितीही चांगली असली, तरी ती एवढंच करते की रॉडची जाडी १७ मिलिमीटरची भोकाएवढी, म्हणजे १६५ मिलिमीटर होते. आणि जाडी लॉगमध्ये आहे. १७ ला तो लॉग येतो ६.६, १६५ ला ४.३. म्हणजे पुडीचा सगळा फायदा पस्तीस टक्के. भोक दुप्पट, तेरा इंची केलं तर ३.६, आणखी सोळा टक्के. भोकाबाहेरचा कातळ आहे तसाच राहतो, आणि रोध तर त्या कातळाचाच आहे. काळ्या रानात ३ ओहम आले ते पुडीमुळे नव्हे, रानामुळे, हे चार वर्षांनी समजलं.

उलट दिशेनेही गणित लागतं. ६८ ओहम आले म्हणजे इथला ρ साधारण ३०० आहे. एका रॉडला ५ ओहम हवे असतील, तर ρ वीस-बावीसच्या आसपास हवा. तेवढा इथे नाही आणि पूड ओतून तो होणारही नाही.

३० एप्रिल

जे २२ तारखेच्या आधी करायला हवं होतं, ते आज केलं. चार खिळ्यांची, वेनर पद्धतीची मोजणी. चारही खिळे एका ओळीत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोन खिळ्यांतून करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज. अंतर a मीटर असेल, तर

```
ρ = 2 × π × a × R
```

अंतर जितकं वाढवाल, तितकी खोल जमीन आकड्यात येते. यात एक चूक केली. १ मीटर अंतराला खिळे फूटभर ठोकले. नियम असा, की खिळा अंतराच्या विसाव्या भागापेक्षा खोल नको, म्हणजे १ मीटरला फक्त ५ सेंटिमीटर. उपसून पुन्हा ठोकले.

| अंतर | R | ρ |
|---|---|---|
| १ मीटर | १८.६ | ११७ |
| २ मीटर | १६.४ | २०६ |
| ३ मीटर | १५.६ | २९४ |
| ५ मीटर | १३.५ | ४२४ |
| १० मीटर | ६.८ | ४२७ |

या तक्त्यापाशी मी बराच वेळ बसलो. वरच्या मीटरभर मुरमाचा रोध सगळ्यांत कमी आहे आणि खाली गेलं की तो वाढत जातो. आम्ही मात्र कमी रोधाचा थर सोडून जास्त रोधाच्या थरात पैसे देऊन भोकं पाडली होती. खोल गेलं की ओल लागते, अर्थिंग सुधारतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. गाळाच्या जमिनीत ते खरं आहे. इथे उलटं.

४ मे

दोन पर्याय वहीत मांडले. एक, शंभर फुटी बोअर मारून पूर्ण खोलीत पट्टी सोडायची. त्याच सूत्राने ३० मीटरला ४२७ धरून १५ ओहम येतात. ५ च्या खाली यायला अशा तीनपेक्षा जास्त बोअर लागतील, त्याही एकमेकींपासून बोअरच्या खोलीच्या दुप्पट लांब, म्हणजे साठ-साठ मीटरवर. जवळ मारल्या तर त्यांची क्षेत्रं एकमेकींत घुसतात आणि तीन बोअर असूनही रोध एक-तृतीयांश होत नाही.

दोन, आडवं जायचं. कुंपणाच्या आतून प्लॉटभोवती चर खोदून २५ बाय ६ ची जीआय पट्टी पुरायची. प्लॉट ६० बाय ६५, म्हणजे २५० मीटरचं वेटोळं. याचा अंदाज दोन तुकड्यांत काढला. वेटोळं लांबून एखाद्या मोठ्या तबकडीसारखं वागतं. तबकडीची त्रिज्या ३५ मीटर धरली, तर ४२७ भागिले १४० म्हणजे ३. पट्टीलगतच्या मुरमाचा वाटा ११७ भागिले २५०, म्हणजे जेमतेम अर्धा ओहम. एकूण साडेतीन.

सल्लागारांना फोन लावला. त्यांना सुटे पिट ५ च्या आत हवे होते. तक्ता पाठवला. तासाभराने त्यांचा फोन आला : सुटा पिट इथे ५ होणार नाही हे मान्य. सगळं एकत्र जोडून एकूण ५ च्या आत दाखवा, वीजरोधकाचे पिटही त्याच वेटोळ्याला जोडा, पण मोजणीचा पूर्ण आलेख द्या, नुसता आकडा नको. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं ठेवायचं, असं पूर्वी शिकवायचे. वेगळं ठेवलं तर वीज पडल्यावर दोन अर्थिंगमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो इन्व्हर्टरमधून वाट काढतो. म्हणून आता एकत्र.

८ ते १४ मे

काल ७ तारखेला मतदान, मजूर नाहीत. आज जेसीबी आला.

आधी एक चूक नोंदवून ठेवतो, कारण ती निव्वळ पैशांची आहे. दक्षिण आणि पश्चिम बाजूने डीसी केबलचा चर आम्हीच दोन आठवड्यांपूर्वी खोदून, केबल टाकून बुजवला होता. तेव्हाच तळाला पट्टी टाकली असती तर निम्मं खोदकाम फुकटात झालं असतं. आता केबलला धक्का नको म्हणून मीटरभर आत सरकून पुन्हा खोदलं.

खोली ६० सेंटिमीटर ठरली होती. दक्षिण-पश्चिमेला सहज मिळाली. उत्तरेला ३० वरच कातळ लागला. जेसीबीचे दात घासून चमकायला लागले, पण ढलपा निघेना. ब्रेकर लावला. नऊ तास, तासाला २,०००. शेवटी उत्तर बाजूला ४५ वर समाधान मानलं.

शनिवारी मी फलटणला गेलो होतो. परत येईपर्यंत पोरांनी पूर्वेकडची चाळीस मीटर पट्टी ब्रेकरने निघालेल्या दगडांनीच बुजवली होती. "साहेब, माती कुठंय?" हा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच होता. पण मुठीएवढ्या दगडांत पट्टी ठेवली की तिचा जमिनीशी संबंध चार-दोन टोकांवर येतो, मध्ये सगळी हवा. पुन्हा उकरलं. एक दिवस गेला.

माती आणली पाझर तलावातून. तलाव कोरडा होता आणि गाळ उचलायला परवानगी होती. काळा, चिकट, भेगाळलेला गाळ. दहा ट्रॉल्या. चरात आधी चार बोटं गाळ, त्यावर पट्टी उभ्या धारेवर, भोवती पुन्हा गाळ, पाणी मारून पायाने तुडवलेला. खणलेला मुरूम त्याच्यावर आणि दगड सगळ्यांत वर. उत्तर-पूर्वेच्या कातळी सव्वाशे मीटरमध्ये गाळात बेंटोनाइट मिसळलं, पन्नास किलोची तीस पोती. बेंटोनाइट नुसतं वापरलं नाही. ते पाणी धरून फुगतं खरं, पण आमच्याकडच्या उन्हात पूर्ण वाळलं तर आकसून पट्टीपासून सुटतं. गाळात मिसळून वर फूटभर माती असली की टिकतं. मीठ टाकलं नाही. ते पावसाने वाहून जातं आणि जाईपर्यंत जस्त खातं.

पट्टीचे जोड दहा सेंटिमीटर एकावर एक घेऊन दोन्ही कडांना वेल्ड केले. वेल्डिंगमध्ये जस्त जळतं, म्हणून घासून जस्ताचा रंग आणि वर डांबर. प्रत्येक पिट वेटोळ्याला दोन पट्ट्यांनी जोडला, मध्ये चेंबरमध्ये बोल्टची लिंक, म्हणजे पिट सुटा करून मोजता येतो.

१७ मे

वेटोळं पूर्ण. एकाकडून क्लॅम्प टेस्टर भाड्याने आणला, खिळे ठोकायची कटकट नको म्हणून. पिटाच्या पट्टीभोवती जबडा लावला : ०.१२ ओहम.

फोटो काढला, सल्लागारांना पाठवला. उत्तर एका ओळीचं : "कोणत्या पट्टीवर लावला?"

मग डोक्यात प्रकाश पडला. पिटाला दोन पट्ट्या आहेत. क्लॅम्प एका पट्टीत करंट उठवतो, तो करंट परत कुठून येतो ते बघत नाही. इथे तो दुसऱ्या पट्टीने फिरून आला. जमिनीत गेलाच नाही. मी दहा-बारा मीटर लोखंडाचा रोध मोजून आलो होतो. दुसरी लिंक सोडून पुन्हा लावला तर ६४. तोही वेटोळ्याचा नव्हे, त्या एका पिटाचा, वर वेटोळ्याचे थोडे. पूर्ण अर्थिंगचा एकूण रोध क्लॅम्पने मिळत नाही, कारण करंटला परत यायला दुसरं अर्थिंगच नाही. आकडा एक ओहमच्या आत दिसला की आनंद करण्याआधी दुसरी पट्टी शोधावी.

१८ मे

परत खिळ्यांवर आलो. वायरी होत्या तेवढ्याच, सी २० मीटरवर, कुंपणाच्या बाहेर. पी चार मीटरवर ठोकला : ४.१. पास! सवयीने दहावरही ठोकून बघितला : ७.३. पंधरावर : १४.२.

कोणता खरा? एकही नाही. एका रॉडला २० मीटर पुरतात, कारण रॉड ३ मीटरचा आहे. इथे मोजतोय ती ६० बाय ६५ ची वस्तू. तिच्या इतक्या जवळ सी ठोकला की तिचं क्षेत्र आणि सीचं क्षेत्र एकमेकांत मिसळतं, आणि मध्ये पी जिथे ठोकाल तिथला आकडा मिळतो. ज्याला पास करायचंय तो चार मीटरवर ठोकेल, ज्याला अडवायचंय तो पंधरावर. एकट्या ४.१ चं कागदावर कुणी काही बिघडवू शकलं नसतं, हे मला आजही अस्वस्थ करतं. पी थोडा पुढे, थोडा मागे सरकवून आकडा बघितल्याशिवाय कुणाच्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नये, माझ्यासुद्धा.

२१ मे

नव्वद मीटरच्या सात गुंडाळ्या वायर आणली, ९,८०० रुपये. मन मोठं करून घेतली, पुढच्या कामांना होईल म्हणून. शेजारच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानातून सरळ रेषेत ३०० मीटर सी नेला. पहिली रेषा बदलावी लागली, कारण त्याची लोखंडी पाइपलाइन बांधाखालून त्याच दिशेने जात होती. पुरलेला पाइप करंट ओढतो आणि आलेख वाकडा करतो. सीला तीन खिळे मीटरभर अंतराने, एकत्र जोडून, दोन कळश्या पाणी. सी आणि पीच्या वायरी एकमेकींपासून दोन पावलं दूर ठेवल्या, गुंडाळीत उरलेली वायरही उलगडून टाकली, नाहीतर एका वायरीतला करंट दुसरीत व्होल्टेज उठवतो.

प्लांटचा डीसी-एसी बंदच होता, जोडणी अजून झालेली नव्हती. पी एकेक टप्पा पुढे नेत गेलो. कुंपणापासून अंतर आणि रोध :

| पीचं अंतर (मीटर) | ओहम |
|---|---|
| ६० | २.९ |
| १०० | ३.२ |
| १४० | ३.४ |
| १७० | ३.६ |
| २०० | ३.८ |
| २३० | ४.१ |
| २६० | ४.९ |

वाचायचं कसं : पी हा सीच्या अंतराच्या ६१.८ टक्क्यांवर असताना आकडा खरा, पण हा नियम वस्तूच्या मध्यापासून लागतो, कुंपणापासून नव्हे. मध्यापासून सी ३३० मीटर. त्याचे ६१.८ टक्के २०४. त्यातून मध्य ते कुंपण ३० वजा केले, की १७४. म्हणजे १७० चा आकडा घ्यायचा, ३.६. तीस मीटर मागे-पुढे गेलं तर फरक पाच-सहा टक्के. आलेख पूर्ण सपाट नाही, पण १८ तारखेच्या ४-७-१४ शी तुलना केली की फरक दिसतो. सी आणखी दुप्पट लांब नेला असता तर आणखी सपाट झाला असता, पण पुढे ओढा आणि मग रस्ता.

वहीतला अंदाज साडेतीन होता. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग उत्सुकता म्हणून सहाही पिटांच्या लिंक सोडल्या आणि नुसतं वेटोळं मोजलं : ३.८. म्हणजे बोअरची गाडी, पाच रॉड, एक पाइप, सगळी पूड यांचा मिळून वाटा ०.२ ओहम. हे तात्यांना सांगितलं नाही.

२३ मे

वेटोळ्याचा खर्च, मजुरी सोडून : जेसीबी ११ तास १४,३००. ब्रेकर १८,०००. पट्टी ३२० किलो ३०,४००. बेंटोनाइट १३,५००. गाळाची वाहतूक १६,०००. वायर ९,८००. एकूण १,०२,०००. हा सगळा खर्च पिटांच्या ४८,००० च्या दराबाहेरचा. तात्यांनी ब्रेकरचे आणि गाळाचे ३४,००० वेगळे दिले, बाकी माझ्या अंगावर. पुन्हा करायचं तर चार खिळ्यांची मोजणी पहिल्या दिवशी, केबलच्याच चरात पट्टी, आणि पिट फक्त दोन. ब्रेकरही टाळता येईल. उत्तरेला खोल जाण्यापेक्षा ३० वरच पट्टी ठेवून वर मातीचा बांध घातला असता तर चाललं असतं.

१२ जून

चार दिवस चांगला पाऊस. त्याच रेषेत, त्याच खुणांवर मोजलं : २.९. खुणांना बांधावर रंगाचे ठिपके करून ठेवले आहेत, नाहीतर दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

इन्व्हर्टर सकाळी इन्सुलेशनचा अलार्म देत होता. तात्यांचा फोन, "अर्थिंग परत गेलं काय?" गेलं नव्हतं. एका एमसी४ कनेक्टरमध्ये पाणी होतं. हा अलार्म पॅनलच्या वायरींची गळती बघतो, अर्थपिटाचा रोध नव्हे.

१८ ऑगस्ट

२.५. मीठ-कोळशाचा चौथा पिट सुटा करून मोजला, २२. बाकीचे ४८ ते ६० च्या दरम्यान. मिस्त्रीला कळवलं. त्याने फोनवर काही म्हटलं नाही, पण आवाजात समाधान होतं.

३ मे २०२५

खरी मोजणी ही. मागच्या पावसानंतर कोरडं गेलेलं सगळं रान, अजून वळीव नाही. पहाटे सूर्य उगवायच्या आत, इन्व्हर्टरचे आयसोलेटर पाडून. लिंक सोडायची तर चालू प्लांटवर सोडू नये, आणि वीजरोधकाची तर ढग असताना नाहीच.

वेटोळं आणि पिट एकत्र : ३.७. मागच्या मेमध्ये ३.६.

चौथा पिट : ५४. मागच्या एप्रिलमध्ये २९ होता. पाइपभोवतीचा कोळसा हाताने चुरला जात होता, मीठ चवीलाही उरलेलं नसावं. चेंबरमधला पाइपचा वरचा वीतभर भाग पांढऱ्या भुकटीने भरला होता. ती खरवडली तर खाली तांबडा गंज, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका ठिकाणी पत्र्यात रुतलं. मिस्त्रीला फोटो पाठवला. त्याचं उत्तर दुपारी आलं : "पाणी घालायला पायजे होतं दर महिन्याला."

पूर्व बाजूचा एक जोड उघडून बघितला. डांबर जागेवर, गाळ अजून ओलसर, पट्टीवर जस्त चकचकीत. पुन्हा बुजवला.